‘more’च्या अलीकडची ओळ

घरून फराळ, साड्या, आंबे किंवा पुस्तकं विकणारी माणसं इन्स्टाग्रामबद्दल हमखास एक प्रश्न विचारतात : “कॅप्शनमध्ये भाव लिहिला, पत्ता लिहिला, वेळही लिहिली. तरी लोक मेसेज करून तेच विचारतात. लोक वाचत नाहीत का?”

वाचतात, पण जेवढं समोर दिसतं तेवढंच. इन्स्टाग्रामवर कॅप्शन 2200 अक्षरांपर्यंत लिहिता येतं. फीड सरकवणाऱ्याला मात्र त्यातल्या पहिल्या एक-दोन ओळीच दिसतात. पुढे तीन टिंबं येतात आणि फिकट अक्षरात `more` हा शब्द. त्यावर बोट ठेवलं तरच उरलेला मजकूर उघडतो. भाव, पत्ता आणि वेळ त्या टिंबांच्या पलीकडे असेल, तर बहुतेकांच्या दृष्टीने ती माहिती तुम्ही दिलेलीच नाही.

म्हणून या प्रकरणात आपण फक्त पहिल्या ओळीकडे बघू. ती किती लांब असावी, तिच्यात काय यावं, ती कशी शोधायची आणि ती चालली की नाही हे कसं ओळखायचं, असा क्रम ठेवू.

1. जागा किती आहे?

इंग्रजीत लिहिणाऱ्यांसाठी 125 अक्षरांचा एक आकडा सर्रास सांगितला जातो : तेवढ्यात मुद्दा आला पाहिजे. मराठीत लिहिणाऱ्याने या आकड्यावर विसंबू नये. ‘स्त्री’ हे आपल्या डोळ्यांना एकच अक्षर दिसतं, पण संगणक त्यात सहा चिन्हं मोजतो : स, त, र, त्यांना जोडणारे दोन हलन्त आणि दीर्घ ईकार. त्यामुळे अक्षरं मोजण्यापेक्षा पडद्यावरची रुंदी बघणं बरं.

त्या रुंदीतूनही तीन गोष्टी जागा खातात. पहिली म्हणजे तुमच्या खात्याचं नाव. फीडमध्ये फोटोखाली ते ठळक अक्षरात येतं आणि कॅप्शन त्याच ओळीत त्याच्या पुढे सुरू होतं. नाव लांबलचक असेल तर दोन-तीन शब्दांची जागा तिथेच गेली. दुसरी गोष्ट म्हणजे वाचणाऱ्याच्या फोनमधला अक्षरांचा आकार. वयस्कर माणसं तो मोठा करून ठेवतात, त्यामुळे त्यांना तुमचे शब्द आणखी कमी दिसतात. तिसरी गोष्ट म्हणजे रिकामी ओळ. पहिलं वाक्य लिहून तुम्ही लगेच एक ओळ मोकळी सोडली, तर दुसऱ्या ओळीची जागा त्या मोकळेपणात जाते.

व्यवहारात एक सोपं मोजमाप करा. आपलीच एखादी जुनी पोस्ट फीडमध्ये उघडा आणि टिंबांच्या अलीकडे किती शब्द दिसतात ते मोजा. घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनवरही बघा. मराठीत हा आकडा साधारण दहा-बारा शब्दांच्या आसपास येईल. दोन फोनांत जो आकडा कमी, तो तुमचा. रीलचा हिशेब वेगळा. तिथे नावाखाली कॅप्शनची जेमतेम एक ओळ दिसते, म्हणून पहिल्या पाच-सहा शब्दांतच काम झालं पाहिजे. इन्स्टाग्राम पडद्याची मांडणी अधूनमधून बदलतं, तेव्हा हे मोजमापही अधूनमधून पुन्हा करा.

2. मराठी वाक्य नेमकं कुठे तुटतं?

मराठीत क्रियापद शेवटी येतं. कोण, कुठून, कसं, कुणासाठी हे सगळं आधी सांगून झालं की मग मुद्दा. छापील पानावर यात काहीच वावगं नाही, कारण वाचणाऱ्याला अख्खं वाक्य एका नजरेत दिसतं. कॅप्शनमध्ये मात्र वाक्य मध्येच तुटतं आणि मुद्दाच पलीकडे जातो.

हे वाक्य बघा :

“आमच्या स्वतःच्या बागेतून थेट तुमच्या घरी पोहोचणाऱ्या, कोणतंही रसायन न वापरता पिकवलेल्या देवगड हापूसचं बुकिंग सुरू झालं आहे.”

दहा-बारा शब्दांवर ते तोडलं की उरतं : “आमच्या स्वतःच्या बागेतून थेट तुमच्या घरी पोहोचणाऱ्या, कोणतंही रसायन न वापरता…” आंब्याचं नाव नाही आणि बुकिंगचाही पत्ता नाही. एका नामामागे विशेषणांची रांग लावली की हे हटकून होतं.

नकार असेल तर घोटाळा आणखी मोठा, कारण आपला ‘नाही’ वाक्याच्या अगदी शेवटी बसतो. “यंदा अक्षय्यतृतीयेच्या आधीच्या आठवड्यात मुंबई आणि ठाण्याबाहेर आम्ही कुठेही पेट्या पाठवणार नाही” हे वाक्य ‘पाठवणार’पाशी तुटलं की नाशिकची माणसं उत्साहाने मागणी नोंदवू लागतात.

उपाय दोन आहेत. पहिली ओळ म्हणजे एक अख्खं छोटं वाक्य असू द्या, सात-आठ शब्दांचं, क्रियापदासकट. आणि नकार द्यायचा असेल तर तो होकारात मांडा : “अक्षय्यतृतीयेपर्यंत पेट्या फक्त मुंबई-ठाण्यात.” आता कुठेही तुटलं तरी अर्थ उलटा होत नाही.

3. पहिल्या ओळीत काय यावं?

एसटीच्या पाटीवर काय लिहिलेलं असतं ते आठवा. गावाचं नाव असतं आणि कुठून जाणार ते असतं. गाडी महामंडळाची आहे, चालक अनुभवी आहे, आपलं स्वागत आहे, यातलं काहीही पाटीवर नसतं. स्थानकावरच्या माणसाला एकच गोष्ट ठरवायची असते : ही गाडी माझी आहे का? पहिल्या ओळीचं कामही तेवढंच आहे. वाचणाऱ्याला ‘हे माझ्यासाठी आहे का’ हे ठरवता आलं पाहिजे.

त्यासाठी आधी फोटोकडे बघा. वाचणाऱ्याने ओळ वाचण्याआधी फोटो पाहिलेला असतो. गवतावर मांडलेले पिवळे आंबे दिसत असताना ‘आंब्याचा सीझन आला’ असं लिहिलं, तर जे डोळ्यांना दिसलं तेच पुन्हा सांगितलं. ओळीने फोटोत न दिसणारी गोष्ट सांगावी : आतून कसा आहे, कितीला आहे, कधी मिळेल, काय चुकू शकतं.

इथे एक अपवाद आहे. इन्स्टाग्रामवर शोधताना कॅप्शनमधले शब्दही उपयोगी पडतात. म्हणून वस्तूचं नेमकं नाव, ‘हापूस’ किंवा ‘देवगड हापूस’, कॅप्शनमध्ये असायलाच हवं. पहिल्या ओळीत सहज बसत असेल तर तिथे घाला, नसेल तर पुढे येऊ द्या. नावापायी ओळ लांबवू नका.

मग पहिल्या ओळीचे दोन प्रकार उरतात आणि ते एकमेकांत मिसळायचे नाहीत.

एक, निरोपाची ओळ. दुकान शनिवारी बंद आहे, नवी पेटी 12 एप्रिलला येणार आहे, भाव उतरला आहे. असा निरोप पहिल्या ओळीत पूर्ण सांगून टाका. इथे उत्सुकता ताणायचं कारण नाही. `more` दाबलं नाही तरी माणसाला हवं ते कळलं पाहिजे.

दोन, ओढीची ओळ. तुमच्याकडे सांगण्यासारखं खरंच काही आहे, ते चार ओळींचं आहे आणि ते वाचायला माणसाने थांबावं असं तुम्हाला वाटतं. इथे वाचणाऱ्याच्या मनातला प्रश्न मांडा आणि उत्तर पलीकडे ठेवा. मात्र उत्तर खरोखर असलं पाहिजे. ‘हे वाचून थक्क व्हाल’ अशा ओळीवर माणूस एकदा बोट ठेवतो. आत नुसती जाहिरात निघाली की पुढच्या वेळी तो तुमच्या खात्याचं नाव बघूनच पुढे सरकतो.

4. एक कॅप्शन दुरुस्त करू

समजा, पुण्यात राहणाऱ्या एक ताई माहेरच्या बागेतले आंबे विकतात. फोटो गवतातल्या आंब्यांचा आहे आणि कॅप्शन असं :

“🙏 नमस्कार मंडळी! आंब्याचा सीझन सुरू झाला आहे आणि दरवर्षीप्रमाणे यंदाही आम्ही तुमच्यासाठी घेऊन आलो आहोत कोकणच्या मातीतला अस्सल देवगड हापूस. आंबा चौदा आणे तयार झाला की आम्ही उतरवतो, उन्हात ठेवत नाही, गवताच्या अढीत पिकवतो. यंदा मोहोर उशिरा आल्याने एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात फक्त चाळीस पेट्या आहेत. पेटी आली की कच्चे आंबे फ्रिजमध्ये ठेवू नका. कापल्यावर साका निघाला तर फोटो पाठवा, तेवढे आंबे बदलून देऊ. बुकिंगसाठी मेसेज करा.”

फीडमध्ये यातलं दिसतं एवढंच : “🙏 नमस्कार मंडळी! आंब्याचा सीझन सुरू झाला आहे आणि दरवर्षीप्रमाणे यंदाही आम्ही…”

हे वाक्य कुठल्याही आंबेवाल्याच्या खात्यावर चिकटवलं तरी चालेल. फराळवाल्याने ‘आंब्याचा’ काढून ‘दिवाळीचा’ घातलं तरीही चालेल. कमकुवत ओळ ओळखायची ही सर्वांत सोपी खूण आहे : दुसऱ्याच्या खात्यावर ती तशीच शोभत असेल, तर ती तुमची नव्हे.

आता नवीन काही सुचवायच्या आधी ताईंनी लिहिलेलंच पुन्हा वाचा. चांगली ओळ बहुतेक वेळा आधीच लिहून झालेली असते आणि ती तिसऱ्या-चौथ्या वाक्यात दडलेली असते. लिहिणारा आधी नमस्कार करतो, प्रस्तावना करतो, मग हात मोकळा झाला की कामाचं बोलू लागतो. म्हणून कॅप्शन खालून वर वाचा आणि प्रत्येक वाक्याला विचारा : हे वाचून कोण थांबेल?

“तेवढे आंबे बदलून देऊ” यावर पहिल्यांदा पेटी घेणारा थांबेल. हापूसची पेटी महाग असते आणि आत खराब फळ निघेल ही धास्ती त्याच्या मनात असतेच. साका म्हणजे हापूसच्या गरात होणारा पांढरट-पिवळसर, स्पंजासारखा, आंबूस भाग. पंचाईत अशी की बाहेरून फळ निर्दोष दिसतं.

“फक्त चाळीस पेट्या” यावर जुना ग्राहक थांबेल. त्याला चव ठाऊक आहे, आपली पेटी हुकू नये एवढंच त्याला हवं आहे.

“कच्चे आंबे फ्रिजमध्ये ठेवू नका” यावर जिच्या घरी पेटी पोहोचली आहे ती थांबेल आणि बहुधा पोस्ट सेव्ह करून ठेवेल.

म्हणजे एका कॅप्शनमध्ये तीन वेगवेगळ्या माणसांशी बोलणं चाललं होतं आणि पहिल्या ओळीत मात्र त्यांच्यापैकी कुणीच नव्हतं. तिन्ही एका ओळीत कोंबायची नाहीत. ही पोस्ट कुणासाठी हे आधी ठरवायचं आणि बाकीच्या दोन गोष्टींसाठी वेगळ्या पोस्ट करायच्या.

ताईंना नवे ग्राहक हवे आहेत असं धरू. मग पहिला प्रयत्न असा होईल :

“साका निघाला तर तेवढे आंबे बदलून देऊ.”

सात शब्द, पूर्ण वाक्य. ही निरोपाची ओळ झाली आणि ती चांगली आहे. पण ताईंकडे सांगण्यासारखं याहून जास्त आहे. आंबा चौदा आणे तयार झाला की उतरवायचा, झाडावर फार पिकू द्यायचा नाही, उतरवल्यावर तापलेल्या जमिनीवर उन्हात ठेवायचा नाही, ही सगळी काळजी साका कमी व्हावा म्हणूनच घेतात. हे ग्राहकाला माहीत नसतं. तेव्हा इथे ओढीची ओळ शोभेल :

“हापूस बाहेरून पिवळाधमक, आत साका. कापण्याआधी ओळखता येतो?”

आठ शब्द. ‘हापूस’ पहिलाच शब्द आहे, धास्ती वाचणाऱ्याची स्वतःची आहे आणि प्रश्न खरा आहे. आता पलीकडे उत्तर हवं, तेही लगेच :

“नुसतं बघून ओळखता येत नाही. म्हणून काळजी बागेतच घ्यावी लागते. आम्ही आंबा चौदा आणे तयार झाला की उतरवतो, उन्हात ठेवत नाही, गवताच्या अढीत पिकवतो. तरीही एखाद्यात साका निघाला तर कापलेल्या फळाचा फोटो पाठवा, तेवढे आंबे बदलून देऊ. देवगड हापूस, 5 एप्रिलपासून, पुण्यात घरपोच. भाव आणि बुकिंगसाठी मेसेज करा. आणि जाता जाता सांगा : तुमच्या आमरसात वेलची की जायफळ?”

पहिल्या मसुद्यातल्या दोन गोष्टी इथे मुद्दाम गाळल्या आहेत : नमस्कार आणि ‘अस्सल’. नमस्कार शेवटी घालता येतो. ‘अस्सल’ मात्र सगळेच लिहितात आणि बदलून देण्याच्या हमीपुढे त्याची गरजही उरत नाही. शेवटचा वेलची-जायफळाचा प्रश्न का घातला, ते पुढे येईल.

5. नेहमीचे घोटाळे

खात्याचं नाव पुन्हा लिहिणं. ते ठळक अक्षरात आधीच आलेलं आहे. कॅप्शनही त्याच नावाने सुरू झालं की पडद्यावर तेच शब्द लागोपाठ दोनदा दिसतात आणि निम्मी जागा संपते.

सुरुवातीला हॅशटॅग किंवा इमोजींची माळ. हॅशटॅग शेवटी लिहिले तरी त्यांचं काम होतं, पहिल्या ओळीत ते नुसती जागा अडवतात. एखादा इमोजी चालेल, पण त्याने एका शब्दाची जागा घेतली आहे हे लक्षात ठेवा.

‘आज’ आणि ‘उद्या’. इन्स्टाग्रामने 2016 मध्ये फीडचा वेळेनुसार असलेला क्रम बदलला. तुमची सोमवारची पोस्ट एखाद्याला बुधवारी दिसू शकते आणि तेव्हा ‘उद्या शेवटचा दिवस’ ही ओळ खोटी ठरते. तारीख लिहा : “बुकिंग 10 एप्रिलपर्यंत.” तारीख उलटून गेली की कॅप्शन संपादित करून ओळ बदला. पोस्ट काढून पुन्हा टाकायची गरज नसते.

ज्याचं उत्तर कुणालाच नको असा प्रश्न. ‘तुम्हाला आंबा आवडतो का?’ याला वाचणारा मनातल्या मनात ‘हो’ म्हणतो आणि पुढे सरकतो. ज्याचं उत्तर त्याला माहीत नाही पण हवं आहे, तोच प्रश्न कामाचा.

6. ओळ चालली हे कसं कळायचं?

किती जणांनी `more` दाबलं, हा आकडा इन्साइट्समध्ये दिसत नाही. म्हणून तो आडवाटेने काढावा लागतो. पहिली खूण म्हणजे मेसेज. कॅप्शनमध्ये तारीख असूनही ‘कधीपासून मिळेल?’ असे मेसेज येत असतील, तर लोक टिंबांच्या अलीकडेच थांबताहेत. असे मेसेज कमी होऊन ‘अढी म्हणजे काय हो?’ असं विचारणारे वाढले, तर ते आत शिरताहेत.

दुसरी खूण म्हणजे शेवटच्या ओळीत ठेवलेला छोटा प्रश्न. वेलची की जायफळ, हे कमेंटमध्ये लिहिणाऱ्याने कॅप्शन शेवटपर्यंत वाचलेलं असतं, कारण तो प्रश्न फोटोतही नाही आणि पहिल्या ओळीतही नाही. पाच जणांनी उत्तर दिलं तरी तुम्हाला मोजायला काहीतरी हाती लागलं.

तिसरी खूण म्हणजे सेव्ह आणि शेअर. हे आकडे व्यावसायिक खात्याला इन्साइट्समध्ये मिळतात. लाइक फोटो बघूनही दिला जातो, पण पोस्ट सेव्ह करणाऱ्याला बहुधा मजकुरातलं काहीतरी ठेवून घ्यायचं असतं.

दोन ओळींची तुलना करताना बाकी सगळं शक्य तितकं सारखं ठेवा : तसाच फोटो, आठवड्याचा तोच वार, तीच वेळ. एका पोस्टला रील आणि दुसरीला फोटो, असं केलंत तर फरक ओळीमुळे पडला की रीलमुळे, ते कधीच कळणार नाही. दोन पोस्टवरून निष्कर्षही काढू नका. निदान सात-आठ पोस्ट झाल्या की निरोपाच्या ओळी एका बाजूला आणि ओढीच्या ओळी दुसऱ्या बाजूला मांडून बघा.

पहिल्या ओळीची मर्यादाही ध्यानात असू द्या. फोटो पाहूनच अंगठा पुढे सरकला, तर ओळ कितीही चांगली असली तरी ती वाचली जात नाही. आणि ओळीने ग्राहक आत आणला, पण आत उत्तरच नसेल, तर नुकसान ओळीने नव्हे, कॅप्शनने केलेलं असतं.

पुढची पोस्ट टाकण्याआधी एवढंच करा. कॅप्शन नेहमीसारखं लिहून काढा, खालून वर वाचा, ज्या वाक्यावर तुमचा ग्राहक थांबेल ते उचलून सगळ्यात वर ठेवा आणि ते दहा शब्दांत बसवा. जुनी पहिली ओळ बहुतेक वेळा खोडूनच टाकावी लागेल. खुशाल खोडा.